शेतकऱ्याला शेतकरी करताना

कागदावर शेतकऱ्याचं वर्णन असं होतं: डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, पोटरीपर्यंत धोतर, चेहऱ्यावर कष्टाच्या सुरकुत्या पण नजर आशावादी, आणि धोतराचा काठ धुळीने माखलेला. त्याखाली खास सूचना होती की धूळ नैसर्गिक वाटली पाहिजे. कागद नागपूरहून आला होता आणि ‘ग्रामजीवनाचे अभ्यासक’ म्हणून माझ्याकडे आला होता. ही पदवी मला एका संमेलनाच्या पत्रिकेने दिली. छापणाऱ्याला माझ्या नावापुढची रिकामी जागा भरायची होती, हे मला ठाऊक आहे. पण मिळालेली पदवी परत करायची आपल्याकडे पद्धत नाही. तेव्हापासून मी समारंभांना खादीचा कुडता घालून जातो, बोलताना अधूनमधून ‘आमच्या मातीत’ म्हणतो आणि नखं जरा वाढली तरी लगेच कापत नाही, कारण त्यांत माती असेल असं लोकांना वाटत राहतं. राहतो मी गोंदिया शहरात, दुसऱ्या मजल्यावर. माती कुंडीत आहे.

काम तसं सोपं होतं. ‘धानावर फवारणी करताना काळजी घ्या’ असा एक फ्लेक्स जिल्ह्यातल्या कृषी केंद्रांत लागणार होता. मी शेतकरी शोधायचा, त्याला शेतकऱ्यासारखा करायचा आणि फोटोग्राफरने फोटो काढायचा. पैसे नव्हते. पण फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात ‘वेशभूषा मार्गदर्शन’ असं लिहून पुढे माझं नाव येणार होतं. मी फक्त अक्षरं केवढी असतील एवढंच विचारलं.

खरं तर मनातल्या मनात मी शेतकरी शोधूनही ठेवला होता. तो रोज सकाळी आरशात दिसायचा. दाढी राखली होती, मिशीला जरा आकार दिला होता, आणि आशावादी नजरेचाही सराव चालू होता. फोटोग्राफर आला, त्याने मला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाला, “सर, तुम्ही शेतकरी नाही वाटत. शेतकऱ्यांच्या पतसंस्थेचे खजिनदार वाटता.” मी पोट आत घेतलं. “आता अध्यक्ष वाटता,” तो म्हणाला.

म्हणून मग सडक अर्जुनी तालुक्यातले आमचे भाऊजी. माझ्या चुलत बहिणीचे यजमान. हलका-भारी दोन्ही धान लावतात, गावातल्या मामा तलावाचं पाणी त्यांच्या बांधीला येतं, आणि हयातभर त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. यापेक्षा अस्सल शेतकरी मिळणं शक्य नव्हतं. ठरल्या वेळी आम्ही त्यांच्या घरी पोचलो. ते समोर आले तेव्हा केस ताजे काळे केलेले होते, अंगात टेरिकॉटचा इस्त्रीचा शर्ट होता, पायात बूट, मनगटावर घड्याळ आणि खिशाला पेन. फोटोग्राफरने त्यांना नमस्कार केला, चहा घेतला, बराच वेळ वाट पाहिली आणि मग हळूच मला विचारलं, “शेतकरी किती वाजता येणार आहे?”

मी भाऊजींना कागद वाचून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, “धोतर माह्या आज्यानं नेसलं. बानं बी नेसलं. मले तं नेसताच येत नाई जी.” रोज शेतात जाताना ते अर्धी पँट आणि बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेला टी-शर्ट घालतात. त्यांच्या छातीवर संकरित धान असतं आणि पाठीवर दाणेदार खत. ते कपडे फोटोग्राफरला चालत नव्हते, कारण त्यात कंपन्यांची जाहिरात होत होती. आणि शिवाय, तो म्हणाला, त्यात शेतकरी कळत नाही.

“बरं, पण मळके कपडे कायले घालू?” भाऊजी म्हणाले. “पोरगी आमगावले देली. तिच्या सासऱ्याच्या गावच्या कृषी केंद्रात हे लटकलं तं? व्याही म्हणन, फोटो काढाले गेला अन् आंघोळ नाई केली.”

श्रमाच्या प्रतिष्ठेवर माझं एक तयार भाषण आहे. ते मी सुरू करणार होतो, पण भाऊजींच्या बाहीवरच्या इस्त्रीच्या घडीकडे लक्ष गेलं आणि तोंड उघडेना. ती घडी बहिणीने पहाटे उठून घातली होती. खरंच, दातांच्या पोस्टरवरचा डॉक्टर पांढऱ्याशुभ्र कोटात असतो. बँकेच्या पोस्टरवरच्या माणसाच्या टायला सुरकुती नसते. आयकर भरा म्हणून सांगणाऱ्या पोस्टरवर कुणालाही शाईने बरबटवत नाहीत. शेतकऱ्याला तेवढं फोटोआधी मळवावं लागतं, नाहीतर तो ओळखू येत नाही. मला राग आला. अर्थात मी तो व्यक्त केला नाही, कारण अक्षरांच्या आकाराचा निर्णय अजून व्हायचा होता.

शेतकऱ्याचा वेश मुद्दाम धारण करण्याची आपल्याकडची सगळ्यात नामी गोष्ट 1888 सालची आहे. ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली होती. पाहुणे जरीच्या पागोट्यांत आणि दागिन्यांत आलेले. तिथे जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. दारावरच्यांनी त्यांना अडवलं, ओळख पटल्यावर आत सोडलं, आणि मग त्यांनी राजपुत्राला सांगितलं की इथे जमलेले हे लोक म्हणजे हा देश नव्हे. देश पाहायचा तर खेड्यात जा. पाच वर्षांपूर्वीच त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला होता, तेव्हा त्या कपड्यांच्या आत काय आहे हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण एक बारीक फरक आहे. जोतीरावांनी तो वेश ज्यांनी शेतकरी पाहिला नव्हता त्यांना दाखवला. आमचा फ्लेक्स शेतकऱ्यांनाच शेतकरी दाखवणार होता, आणि तोही कृषी केंद्रात, जिथे आरशाखेरीज दुसरं काही लावायची गरज नसते.

भाऊजी शेवटी कबूल झाले ते बहिणीमुळे. ती आतून म्हणाली, “घाला ना जी. दादाचं नाव छापणार हायेत.”

आता धूळ. दिवस भाद्रपदाचे. धान निसवायच्या बेतात. या जिल्ह्यात वर्षाला 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक तोवर पडून गेलेला असतो. आमच्याकडे मातीला नावं पुष्कळ: सिहार, मोरंड, खरडी, बरडी, कन्हार. उन्हाळ्यात प्रत्येकीची धूळ वेगळ्या रंगाची असते हे मी फोटोग्राफरला अभ्यासकाच्या आवाजात सांगितलं. “त्यातली कुठलीही चालेल,” तो म्हणाला. पण भाद्रपदात त्या पाचही मातींचा चिखल झालेला असतो. बांधीत घोट्याच्या वर पाणी, पारीवर पाय ठेवला की घसरतो. आणि चिखलात उतरणारा माणूस काठ मळू देत नाही, कारण तो काठ आधीच वर खोचून घेतो. मळतात ते पाय. धानाच्या शेतकऱ्याच्या काठाला धूळ लागते ती फार तर चैत्रात, लग्नाच्या वरातीत.

फोटोग्राफर मात्र तयारीने आला होता. सिनेमाच्या कपडेपटात काही काळ काढलेला पोरगा. त्याच्या पेटीत मुलतानी माती, चहाची पत्ती, पॉलिश पेपर आणि रुंद ब्रश निघाले. नवं धोतर आधी कढत पाण्यात घालून त्याची खळ काढायची. मग चहाच्या कोमट पाण्यात बुडवून पिवळट करायचं, म्हणजे कॅमेऱ्यात पांढरं फटफटीत दिसत नाही. वाळलं की काठ आणि गुडघ्याची जागा पॉलिश पेपरने घासून विरविरीत करायची. शेवटी मुलतानी माती, खालून वर, काठाशी दाट आणि वर जाताना विरळ, कारण खरी धूळही पायाकडूनच चढते. मी मनापासून दाद दिली. एवढी मेहनत करून मळवलेला कपडा मी प्रथमच पाहत होतो. बहीण दाराशी उभी राहून हे पाहत होती. तिने एकच विचारलं, “हे मंग धुवायचं कोनी?”

तिचा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. मुंडाशाचा विषय निघाला होता आणि मुंडासं हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

पेटीतून निघाला तो लग्नातला फेटा. केशरी, तुरेदार, आयता बांधलेला, टोपीसारखा चढवायचा. तो घालून भाऊजी वरबाप दिसू लागले. मी म्हटलं, “हे आमच्याकडे नसतं.” आमच्याकडे असतो तो दुपट्टा. कुणी गमछा म्हणतं, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन पावलांवर आहेत, शब्द सीमा ओलांडून येतात. हात-दीड हात रुंदीचं, माणसाहून थोडं लांब असं हे सुती कापड डोक्याला असतं असं शहरातल्यांना वाटतं. डोक्यावर ते फक्त विश्रांतीला येतं. एरवी त्याचा दिवस असा: सकाळी खांद्यावर. उन्हात डोक्याला, पण टाळू उघडी ठेवून, नुसता वेढा. पेंढ्यांचा भारा उचलायचा झाला की त्याचीच चुंबळ. धान चुरताना कोंडा उडतो तेव्हा नाकाला. कमरेला बांधला की माणूस कामाला लागला असं समजायचं आणि कमरेचा सोडून झटकला की काम संपलं. बांधीतलं पाणी उतरताना तोच दोघांनी धरून मासोळ्या गाळायच्या. दुपारी पळसाखाली अंथरायचा. बाजारात गेलं तर भाजी त्यात, मंडईत गेलं तर नातवासाठी मुरमुरे त्यात. बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक त्याच्या आड हात घालून बोटांनी भाव करतात. कापडाखाली काय ठरलं ते बैलालासुद्धा कळत नाही. कुणाकडे मयत झालं की तो तोंडाला लावतात, आणि खोटं रडायचं असलं तरी तोच कामी येतो. पाहुण्याने पाय धुतले की त्याला पुसायला दिला जातो, आणि तो कितपत कोरडा आहे यावरून पाहुण्याची किंमत कळते.

आणि हा दुपट्टा विकत कोण घेतो? कुणी नाही. निवडणुका येतात. भाऊजींच्या घरी दोरीवर जे दुपट्टे वाळत होते त्यांत महाराष्ट्राचं गेल्या काही वर्षांचं राजकारण होतं: भगवा, निळा, हिरवा, तिरंगी, पिवळा, आणि फुटीनंतर त्याच चिन्हांचे नवे. भाऊजींचं कुणाशी वैर नाही. जो दुपट्टा वाळलेला असेल तो त्या दिवशीचा पक्ष. फोटोग्राफर घाबरला. यातला कुठलाही डोक्यावर चढवला तर फ्लेक्स पहिल्याच दिवशी फाटणार होता. बिनपक्षाचा दुपट्टा शोधायला आम्ही अर्धं गाव पालथं घातलं. शेवटी एका म्हाताऱ्याच्या पेटीत एक पांढरा निघाला, लाल काठाचा. त्याने तो स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी राखून ठेवला होता. “संध्याकाळी आणून द्या,” तो म्हणाला, “भरवसा नाई.”

तर असे भाऊजी सजले. धोतर मीच नेसवलं, आणि ते दोनदा सुटलं हे अभ्यासकाच्या चरित्रात येऊ नये. बंडी, चहाचा रंग, मुलतानी माती, लाल काठाचा पांढरा दुपट्टा. पाठीवर सोळा लिटरची बॅटरी पंपाची टाकी. पारीवर उभे राहिले तेव्हा मागे हिरवं धान, वर ढग. मला भरून आलं. फोटोग्राफर म्हणाला, “काका, फवारा सुरू करा.” टाकीत नुसतं पाणी होतं. पाणी उडालं, वाऱ्याने उलटं आलं, भाऊजींच्या दुपट्ट्यावर आणि कपाळावर बसलं. आणि त्यांनी सवयीप्रमाणे दुपट्ट्याचं टोक ओढून तोंड पुसलं.

“बस, हेच!” फोटोग्राफर ओरडला. “किती नैसर्गिक!”

बहीण पारीवरून ओरडली, “असंच केलतं त्या पोरानं!”

त्या पोराची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त आम्हा वेशभूषाकारांना नव्हती. बहिणीच्या शेजारचा, विशीतला. बांधीत तुडतुडे झाले होते. तुडतुडा धानाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतो आणि रस शोषतो. वरून पाहिलं तर काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा बांधीत गोल गोल जळाल्यासारखे डाग पडलेले असतात. 2017 साली गोंदिया-भंडाऱ्यात त्याने धानाचा फडशा पाडला होता, त्यामुळे डाग दिसला की माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. औषध बुंध्याला पोचावं म्हणून नळी खाली धरून दाट धानातून चालावं लागतं. दोन्ही बाजूंचं ओलं धान मांड्यांना घासतं. टाकीचं झाकण नीट बसलं नव्हतं, पाठ भिजली. औषध पाण्यात कालवलं ते हातानेच. दुपट्टा डोक्याला होता. वास यायला लागला तेव्हा तो नाकाला बांधला, घाम आला तेव्हा त्याने तोंड पुसलं, आणि परत डोक्याला.

दुपारी तो पारीवर बसला. खूप घाम, मळमळ. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. भाद्रपदातलं ऊन लागतंच. कांदा फोडून हुंगवला, लिंबूपाणी दिलं. मग तोंडातून लाळ सुरू झाली, डोळ्यांतून पाणी, आणि मांडीची कातडी आपोआप उडायला लागली. टेम्पोत घालून नेलं. मानेखाली काहीतरी हवं म्हणून त्याचाच दुपट्टा घडी करून त्याच्या डोक्याखाली ठेवला. दवाखाना येईपर्यंत तो तिथेच होता.

डॉक्टरांनी आधी पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी झाली होती. उन्हाने माणूस कोसळला तर बाहुली सहसा अशी बारीक होत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या विषाने होते. घाम, लाळ, आसू, बारीक बाहुली, स्नायूंची फडफड, हे एकत्र दिसलं की तो उन्हाचा आजार नव्हे. कुणीतरी शहाणपणाने बाटली सोबत आणली होती, त्यामुळे कोणतं औषध हे लगेच कळलं. ॲट्रोपिन सुरू झालं. आणि नर्सने सगळे कपडे उतरवून त्याला साबणाच्या पाण्याने धुतलं, केसांसकट. पोरगा वाचला. घरी आल्यावर त्याच्या आईने ते कपडे घरच्या बाकी कपड्यांबरोबर दगडावर आपटून धुतले, आणि तिचे हात पुढे कितीतरी दिवस चुरचुरत होते.

‘हे मंग धुवायचं कोनी’ हे बहिणीने मघाशी विचारलं होतं ते मुलतानी मातीबद्दल नव्हतं.

1971 साली अमेरिकेत मायबाख, फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या कातडीवर पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक थोडं थोडं लावून मोजलं होतं की ते अंगात किती शिरतं. कोपराखालच्या हातातून साधारण 9 टक्के. टाळूतून 32. कपाळातून 36. आणि जिथे ओलं धोतर किंवा चड्डी चिकटून बसते त्या जांघेतल्या नाजूक कातडीतून जवळजवळ सगळं. म्हणजे शेतकऱ्याचं चित्र काढताना आपण ज्या दोन गोष्टींशिवाय त्याला ओळखत नाही, ते मुंडासं आणि ते खोचलेलं धोतर, त्या बरोबर त्याच दोन जागा ओल्या ठेवतात जिथून विष फार सहज आत जातं. सुती कापड पाणी धरतं म्हणून उन्हात ते बरं वाटतं. औषधही ते तसंच धरतं, दिवसभर, कपाळाला लावून.

आणि हाच फोटो आम्ही ‘काळजी घ्या’ या वाक्याखाली छापणार होतो.

मी माझ्या अभ्यासकपणाला हातात घेऊन फोटोग्राफरशी बोललो. बोललो म्हणजे बहीण काय म्हणते ते प्रमाण मराठीत सांगितलं. तो समजदार होता. कपडे बदलायचे ठरले. खरी मजा आता आली, कारण शेतकऱ्याला सुरक्षित करणं त्याला शेतकरी करण्यापेक्षा फार अवघड निघालं.

संरक्षक किट गावात होतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसं दगावली आणि शेकडो दवाखान्यात गेली, त्यानंतर अशी किटं पुष्कळ वाटली गेली. भाऊजींचं किट कोठीत, पिशवीचं तोंडही न उघडलेलं. त्यांनी ते घातलं आणि पारीवर दहा पावलं चालले. “यात विषानं नाई मरत,” ते म्हणाले, “पन उकडून मरतो.” खोटं नव्हतं. घाटावरच्या सुक्या हवेत जमेल ते इथल्या दमट भाद्रपदात जमत नाही. आणि गमबूट बांधीच्या चिखलात रुतले ते रुतलेच. भाऊजींचा पाय वर आला, बूट खाली राहिला.

मग तडजोडीचा पोशाख जमला, आणि तो बहुतेक भाऊजींनी आणि त्या शेजारच्या पोराने जमवला. एकदा मरणाच्या दारातून आलेला माणूस या विषयातला खरा अभ्यासक असतो. जुना, पूर्ण बाह्यांचा, जाड सुती शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. पूर्ण पँट. कोरड्या शेतात बूट असतील तर पँटचा काठ बुटाच्या बाहेर सोडायचा, आत खोचायचा नाही, नाहीतर ओघळ थेट बुटात जाऊन पाय दिवसभर औषधात भिजतो. हातमोजे रबराचे, कापडी नव्हे. नळी खाली धरायची असेल तर बाही मोज्याच्या वरून, म्हणजे बाहीवरचा ओघळ मोज्यात शिरत नाही. औषध कालवायचं काठीने, आणि मोजे त्या वेळी तर हवेतच, कारण बाटलीतलं औषध टाकीतल्यापेक्षा कितीतरी जहाल असतं. बाटलीवरचा त्रिकोण पाहायचा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पाठ आणि टाकीच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा. डोक्याला प्लास्टिक लावलेली टोपी. वाऱ्याकडे तोंड करायचं नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर निघायचं, म्हणजे हे सगळं अंगावर सहन होतं. आल्याबरोबर आंघोळ, आणि ते कपडे वेगळे, मोजे घालूनच धुवायचे. शेवटची अट बहिणीची होती आणि तिने ती कुणाला विचारून घातली नव्हती.

आणि दुपट्टा? तो पारीवरच्या खुंटाला लटकवायचा. अंग धुतल्यावर बांधायचा.

फोटोग्राफरने नवे भाऊजी कॅमेऱ्यातून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. “सर, छान आहे. पण मुंडासं नाही, धोतर नाही, धूळ नाही. हा शेतकरी आहे हे लोकांना कळणार कसं?”

भाऊजींनी टाकीचा पट्टा सारखा केला. “पाठीवर टाकी घेऊन बांधीत उभा हाये तो काय तहसीलदार हाये का जी?”

दोन्ही फोटो नागपूरला गेले. मी सोबत एक लांबलचक टिपण पाठवलं, त्यात टाळू आणि कपाळाची टक्केवारीही होती. नागपूरवाल्यांनी टिपण आवडल्याचं कळवलं आणि पहिला फोटो छापला. मुंडासं, बंडी, मळका काठ, आशावादी नजर. दुसरा फोटो त्यांनी वाया जाऊ दिला नाही. कोपऱ्यात वाटोळ्या चौकटीत, पोस्टाच्या तिकिटाएवढा लावला. त्याच्या खाली माझं नाव होतं. अक्षरं ठीक होती. मी फ्लेक्सचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला, नाव नीट दिसेल इतपत कापून. आमगावच्या व्याह्यांचा भाऊजींना फोन गेला. फोटो चांगला आला, पण तब्येत बरी नाही का, असं त्यांनी विचारलं.

फ्लेक्स सगळीकडे महिनाभर राहिले. नंतर ते गेले जिथे आमच्याकडे सगळे फ्लेक्स जातात. वाढदिवसाच्या शुभेच्छा गोठ्यावर, श्रद्धांजल्या धानाच्या पुंजण्यावर. जिल्ह्यात पुढाऱ्यांनी ऊन-पावसापासून शेतकऱ्याचं संरक्षण कुठे केलं असेल तर इथेच. भाऊजींच्या कृषी केंद्रातला फ्लेक्स भाऊजींनीच मागून आणला. त्यांचा फोटो होता, त्यांचा हक्क होता.

पुढच्या हंगामात मी गेलो तेव्हा ते आणि शेजारचा पोरगा वेगवेगळ्या बांधीत फवारत होते. दोघांच्या पाठीवर टाकीखाली फ्लेक्सचा एकेक तुकडा, गळ्याशी सुतळीने बांधलेला. पोराच्या पाठीवर भाऊजींचं धोतर होतं, धुळीच्या काठासकट. भाऊजींच्या पाठीवर मी होतो, उलटा, ‘वेशभूषा मार्गदर्शन’ वरच्या बाजूला, वाचायला मान वाकडी करावी लागत होती. झाकणातून गळलेलं औषध माझ्या नावावरून ओघळून चिखलात पडत होतं आणि शर्ट कोरडा होता.

मी पारीवरून हाक मारली आणि नावाकडे बोट दाखवलं. भाऊजी आधी वाऱ्याकडे पाठ करून थांबले, मग म्हणाले, “माल चांगला हाये. पन पुढच्या वेळी जरा रुंद छापा जी, साळेसाहेब. दोन्ही खांदे उघडे राहतात.”